आईनं भरलेलं ताट

त्या सकाळी आई दुधी शिजवत होती. पातेल्यात चमचाभर तेल, वर झाकण, झाकणात पाणी. अशी भाजी वाफेवर शिजते, करपत नाही. मी शाळेत शिकवायला निघाले होते. "जेवून जा, विजे," ती म्हणाली. ताट भरून वाढलं. वेगळं काहीच नव्हतं.

मला हर्निया होता. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्यांदा मी सगळंच निम्मं केलं. ताट मोकळं राहायचं, मी उपाशी. मग संध्याकाळी डब्यातले मूठभर शेंगदाणे आणि गूळ. वाचवलेली भाकरी त्या मुठीतून परत पोटात जायची.

"पोरीला वाढताना हात आखडायचा? माझ्यानं न्हाई व्हायचं," आई म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिला समजावलं. काकडी, दुधी, पालेभाजी म्हणजे बरंचसं पाणी आणि चोथा. ताट भरतं, पोट भरतं, अंगी थोडंच लागतं. तेलाचं आणि दाण्यांचं उलटं. दिसायला थोडं, लागायला पुष्कळ.

"म्हंजी वाढायला बंदी न्हाई," आई खुशीत म्हणाली.

ताट भरू लागलं, पण वजन हलेना. एका रविवारी स्वयंपाकघरात गेले तर आई काकडीत ओंजळभर दाण्याचं कूट घालत होती, वर पळीभर तेलाची फोडणी.

"आई, हे काय?"

"कुटाबिगर काकडी म्हंजी वैरण. आन् तुझा डाक्टर काकडी खा म्हणला. कूट नगं म्हणला व्हय?"

मला हसू आलं. मग सांगितलं की एवढ्या कुटात एक भाकरी सहज बसते. तिनं कुटाच्या डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून काकडीत पातळ ताक, वाटलेली मोहरी, कोथिंबीर. भाकरी एकच, मुगाची उसळ, आणि उरलेलं ताट भाजीचं. "डोंगर वाढलाय, चढ आता," ती म्हणायची. शेवटी रोजचाच प्रश्न, "पोट भरलं का?" आणि माझं रोजचंच उत्तर, "बास."

वजन उतरलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

मग ती दुधीची सकाळ, आणि त्याच दुपारी शेजारच्या आक्काताई शाळेत आल्या. आई जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

नंतर घरोघरचे डबे आले. पिठलं, तेलातली चटणी, शिरा. "खा, दुःखात जीव खचतो," म्हणत आक्काताई वाढायच्या, मी खायचे. ताटात कमीच असायचं. काही वेळानं पुन्हा भूक लागायची आणि पुन्हा शिरा. परवा वजन केलं तर काटा चढलेला. तारीख जवळ आली आहे.

आज आक्काताईंना डबा नको म्हणून सांगितलं. दुधी चिरला, पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यात पाणी ओतलं. काकडीत ताक घातलं, कुटाचा डबा उघडला नाही. तिच्यासारखं ताट भरलं आणि सावकाश सगळं संपवलं. हात धुऊन पुन्हा पाटावर येऊन बसले. तिचा पाट समोर भिंतीला टेकवलेला होता. विचारणारं कोणी नव्हतं.

"आई," मी मोठ्यानं म्हणाले, "पोट भरलं."