इओसिनोफिल आणि बोंबील

मायकेलच्या खोकल्याचं खापर शेवटी बोंबलांवर फुटलं. बोंबील व्हेराचे, त्यामुळे फुटलं ते व्हेराच्याच डोक्यावर.

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबू रोवून आणि दोऱ्या ताणून केलेल्या वलांड्यांवर ती लग्न होऊन आल्यापासून बोंबील वाळवत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. कंबरेचा पार भुगा व्हायचा, अंगाचा वास कुठल्याही साबणाला दाद द्यायचा नाही. पण ती जागा तिची होती. घरात सासूचं राज्य होतं तेव्हासुद्धा वलांडीपाशी व्हेराला जाब विचारायला कोणी येत नसे.

पावसाळ्यापासून मायकेल खोकत होता. दिवसा बरा असायचा, रात्री मात्र खोकला त्याला उठवून बसवायचा आणि छातीत शिट्ट्या वाजायच्या. त्याच्यासोबत व्हेराही जागी. सकाळी तो होडीवर जायचा आणि ही टोपली उचलायची, दोघांचे डोळे सारखेच सुजलेले. झोप म्हणजे काय असते हे ती विसरत चालली होती.

त्यांची मुलगी नादिया भाईंदरला नोकरी करायची. तिनेच वडिलांना जेसल पार्कमधल्या डॉक्टर मृणालिनींकडे नेलं. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशींमधल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्या शंभरात सहाच्या आत हव्यात, त्या बेचाळीस निघाल्या. या पेशी ॲलर्जीने वाढतात, दम्यात वाढतात, जंतांनीही वाढतात. डॉक्टरांनी शी तपासून घेतली, त्यात काही सापडलं नाही, तरी जंतांची गोळी दिली. छातीतल्या शिट्ट्यांवरून दमा धरला, पंप दिला आणि आठवड्यापुरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

"घरात कसली धूळ, भुकटी असते का?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"सुके बोंबील," नादिया म्हणाली. "घरभर. मम्मीचेच."

एवढ्यावर निकाल लागला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की थोडे दिवस लांब ठेवून बघा. नादियाने ते घरी येईपर्यंत कायमचं बंद करा असं करून टाकलं. ती वाईट नव्हती, घाबरली होती. मोसम ऐन भरात असताना व्हेराने आपल्या वलांड्या शेजारच्या मंदाला वापरायला दिल्या, कपडे गरम पाण्यात उकळले आणि घरात बसली. हातांना काम नाही म्हटल्यावर थकवा कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं. इओसिनोफिल शंभरात दोन. मायकेलचा खोकलाही थंडावला होता.

"बघितलंस?" नादियाने मोबाइलवरचा रिपोर्ट आईपुढे धरला. "तू बंद केलंस आणि पप्पा बरे झाले. आता ती जागा मंदामावशीला देऊनच टाक ना. परत कशाला तो त्रास?"

व्हेरा हो म्हणाली. आकडा समोर होता. इतकी वर्षं आपण ज्या हातांनी नवऱ्याला भाकरी वाढली त्याच हातांनी त्याच्या छातीत विष भरत होतो, हे तिने गपगुमान कबूल करून टाकलं. कोणाला बोलली नाही. चर्चमध्ये मासच्या वेळी नजर मात्र खाली राहायला लागली.

मंदाने रविवारी बोलणी करू म्हटलं. त्याच्या आदल्या दिवशी व्हेरा मायकेलचे होडीवरचे कपडे धुवायला बसली. पँटच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत तंबाखू आणि गोळ्यांची अर्धी पाकिटं. बऱ्या झालेल्या माणसाच्या खिशात गोळ्या कशाला?

"दम्याचीच गोळी हाय," मायकेल म्हणाला. "डॉक्टरनीच दिलेली. केबिन रोडच्या मेडिकलवाल्याला जुनं पाकीट दाखवला, त्यानं दिली. खोकत बसलो तर तांडेल होडीवर घेल काय मला?"

"रोज खातोस?"

"एकच. न्हाय खाल्ली की खोकला उठतो."

व्हेराने पाकीट पदराला पुसलं आणि रिक्षाने थेट जेसल पार्क गाठलं. भांडायला नव्हे. एवढ्या गोळ्या खाऊन त्याला काही होणार तर नाही ना, इतकंच तिला विचारायचं होतं.

डॉक्टर मृणालिनींच्या समोरून दिवसभराचे पेशंट होऊन गेले होते आणि बाहेर अजून बाकं भरलेली होती. त्यांनी पाकीट बघितलं, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा हे घेत होते?"

"रोज घेत व्हता, मॅडम."

"मग तो दोनचा आकडा काही खरा नाही. स्टेरॉइडने या पेशी रक्तातून झपाट्याने कमी होतात. आजार तिथेच असतो, फक्त झाकला जातो."

"म्हणजे बोंबील..."

"बोंबील बंद केल्यामुळे कमी झाल्या असं म्हणता येणार नाही, गोळीमुळे झाल्या. आणि खरं सांगू का, पहिल्या रिपोर्टवर मीच थांबायला हवं होतं. साध्या दम्यात एवढ्या वाढत नाहीत सहसा."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. गोळी एकदम सोडायची नाही, हळूहळू उतरवायची. ती बंद झाल्यावर थोडे दिवस थांबून पुन्हा रक्त. डासांमधून हत्तीरोगाचे जंत शिरतात, त्यांची पिल्लं काही जणांच्या फुप्फुसात अडकतात. शरीर त्यांच्याशी झगडतं आणि रात्रीचा खोकला, शिट्ट्या, सगळं दम्यासारखं दिसतं. शी तपासून हे जंत कळत नाहीत, रक्तातही बहुतेकदा दिसत नाहीत. वेगळी तपासणी करावी लागते.

गोळी उतरली तसा खोकला परत आला. पुन्हा रात्री, पुन्हा सुजलेले डोळे. नवरा खोकतोय आणि आपण मनातून आकडा वाढायची वाट बघतोय, याची व्हेराला लाज वाटली. पण ती वाट बघत होती. आकडा शेहेचाळीस आला. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर बारीक ठिपके होते आणि त्या जंतांची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं औषध दिलं. ते संपायच्या आतच एके सकाळी व्हेराला उन्हं वर आल्यावर जाग आली. शेजारी मायकेल शांत घोरत होता.

नादियाने आईला मिठी मारली. "सॉरी मम्मी," म्हणाली आणि रडली. व्हेराने तिला थोपटलं. राग आला होता, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

जागा देऊन टाकायची बोलणी मागे पडली, पण वलांड्या मोसम संपेपर्यंत मंदाकडेच होत्या. दिलेला शब्द मधेच कसा फिरवायचा? एका दुपारी मायकेल तिथेच खाली बसून जाळं सांधत होता. डोक्यावर बोंबलांच्या रांगा, वाऱ्याबरोबर सगळीकडे तोच वास, आणि छातीत एक शिट्टी नाही. व्हेरा त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

"तुझ्यामुळं न्हवतं गो," तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला.

"मला वाटला व्हता माझ्यामुळंच," व्हेरा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी सांगितला म्हणून न्हाय. मलाच खरा वाटला."

मायकेलचे हात थांबले.

व्हेराने चहा त्याच्याजवळ ठेवला आणि मंदाच्या टोपलीतून दोन बोंबील उचलले. जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकली. मग दुसरी. मंदाने एकदा तिच्याकडे बघितलं आणि टोपली सरकवून दोघींच्या मधे ठेवली.