बावीस दिवसांची नोटीस

दोघी बहिणींतली मोठी शिवणकामाच्या कारखान्यात चौदा वर्षं चेकर होती. टेबलावर शर्ट यायचा, ती कॉलर उलटून पाहायची, बाहीची शिवण ओढून बघायची, आणि चूक दिसली की लाल टिकली चिकटवून परत पाठवायची. तिच्या हातून सुटलेला सदोष शर्ट गिऱ्हाइकाकडून परत आला, असं चौदा वर्षांत दोनदाच झालं. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

नोकरी सोडायचं कारण धाकटी. दोघी बहिणी एकत्र राहत. धाकटी शाळेत कारकून होती, मूत्रपिंडांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. परत येताना तिला चक्कर यायची. एकटीला पाठवणं शक्य नव्हतं, आणि आठवड्याला तीन दिवस सुट्टी कुठला कारखाना देतो?

महिन्याच्या एक तारखेला मोठीने राजीनामा दिला. नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस तीस दिवसांची. आठव्या दिवशी फ्लोअर मॅनेजर तिच्या टेबलापाशी आला.

"ताई, नवीन मुलगी शिकली सगळं. उद्यापासून नाही आलात तरी चालेल. घरी अडचण आहे ना तुमच्या?"

मोठीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी गेटवर ओळखपत्र जमा केलं आणि घरी गेली. कागदावर लिहून घ्यावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. देव माणूस, असं ती त्या रात्री धाकटीला म्हणाली.

दीड महिना उलटला तरी पैसे आले नाहीत. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. तिसऱ्या फोनला एचआरच्या मॅडमनी सांगितलं की नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नसल्याचा, फॉर्म अपुरा आहे. मोठी गेली. स्टोअर, कॅन्टीन, अकाउंट्स, डिपार्टमेंट, गेट अशा पाच सह्या गोळा करायच्या होत्या. स्टोअरवाला म्हणाला, तुमच्या नावावर एक मोजपट्टी आहे. ती घरी गेली, पट्टी शोधली, दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. पट्टीचे पहिले तीन आकडे पुसलेले होते. त्याने ती न बघताच ड्रॉवरमध्ये टाकली.

"अशाने काही मिळायचं नाही," धाकटी म्हणाली. "लेखी माग. एकेक बाब वेगळी."

पलंगावर उशीला टेकून तिने अर्ज लिहिला. कारकुनी हात, एक काना इकडचा तिकडे नाही. आठ दिवसांचा पगार सहा हजार चारशे. शिल्लक रजा एक्केचाळीस दिवस, मूळ पगार अठरा हजार दोनशे, त्याला सव्वीसने भागून दिवसाचे सातशे, म्हणजे अठ्ठावीस हजार सातशे. वर्षाचा बोनस एक मूळ पगार, त्यातले आठ महिने भरले म्हणून बारा हजार एकशे तेहेतीस. आणि नोटिशीचे उरलेले बावीस दिवस कंपनीने स्वतःहून सोडले, म्हणून एकूण पगाराच्या हिशेबाने रोजचे आठशे धरून सतरा हजार सहाशे. बेरीज चौसष्ट हजार आठशे तेहेतीस. ग्रॅच्युइटी आणि पीएफ यात नव्हते; त्यांचे अर्ज वेगळे, आणि ते पैसे यायला महिने लागणार होते. सोबत शेवटच्या पगारपत्रकाची प्रत.

"भीक मागत नाहीस, हिशेब मागतेयस. 'कृपया' एकदाच घातलंय," धाकटी म्हणाली.

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. अकरा दिवसांनी कंपनीचा कागद आला. मोठीने तो तीनदा वाचला. पगार सहा हजार चारशे, बरोबर. रजा तीस दिवसांची, एकवीस हजार. बोनस निरंक, कारण बोनस जाहीर झाला त्या दिवशी ती पटावर नव्हती. आणि खाली वजाबाकी: नोटीस पूर्ण न केल्याबद्दल बावीस दिवसांची वसुली, सतरा हजार सहाशे. हातात नऊ हजार आठशे. त्याखाली सहीची जागा, आणि वर एक ओळ: माझा हिशेब पूर्ण व अंतिम झाला असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.

"म्हणजे मीच त्यांची देणेकरी!" मोठी म्हणाली आणि कागद धाकटीपुढे धरला.

एचआरच्या मॅडमचं बोलणं गोड होतं. "तुम्हाला लवकर सोडल्याचं पत्र आहे का? ईमेल? काहीच नाही? मग सिस्टीममध्ये तुम्ही नवव्या दिवसापासून गैरहजर आहात."

मोठीने फ्लोअर मॅनेजरला फोन लावला. चौथ्या वेळी त्याने उचलला.

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, येऊ नका म्हणून?"

"ताई, मी तुमच्या सोयीसाठी बोललो. नोटीस माफ केली असं कुठे म्हणालो? तो अधिकार माझा नाहीच. आता मला यात ओढू नका."

ती गेटवर गेली. वॉचमनला सगळं आठवत होतं. ताई उद्यापासून येणार नाहीत, असं मॅनेजरने इंटरकॉमवर सांगितलं होतं आणि त्याने रजिस्टरमध्ये तसं लिहिलंही होतं. पण रजिस्टर भरून आत जमा झालेलं. "ताई, नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी," तो खाली बघत म्हणाला. "मला साक्षीला नका बोलावू." तिला त्याचा रागही येईना.

कामगार कार्यालयात दोन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. अधिकारी पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने दोन्ही कागद नीट वाचले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

"बोनस तुमच्या हक्काचा आहे, काम केलं तितक्या महिन्यांचा. रजेवर तीसची मर्यादा कुठे लिहिलीय? नेमणूकपत्र बघू. इथे पंचेचाळीस आहे. हे त्यांना दाखवा. नोटिशीचं मात्र कठीण. तोंडी होतं ना? तक्रार करा, दोघांना बोलावू. तारखा पडतील. सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही."

"आणि तोवर नऊ हजार आठशे?"

"सही केल्याशिवाय ते देणार नाहीत. 'हिशेब मान्य नाही, रक्कम फक्त स्वीकारली' असं लिहून सही करा. कोरी सही केलीत तर पुढे भांडायला तोंड राहत नाही."

मोठीने तसंच लिहून कागद दिला. मॅडमनी तो वाचला आणि हलकेच परत सरकवला. "असा शेरा चालत नाही. अकाउंट्स पेमेंट सोडणार नाही." नेमणूकपत्रातली पंचेचाळीसची ओळ मात्र त्यांनी दोनदा वाचली, आत जाऊन आल्या, आणि म्हणाल्या, "अकरा दिवसांची रजा वाढवून देते. सतरा हजार पाचशे होतील. बाकीचं नाही. आज सही केलीत तर या आठवड्यात पैसे."

त्याच आठवड्यात डायलिसिससाठी धाकटीच्या हातात जोडलेली शीर बंद पडली होती. नवी जोडायची शस्त्रक्रिया करायची होती, आणि अनामत भरल्याखेरीज दवाखाना तारीख देत नव्हता. मोठीने धाकटीला फोन केला नाही. केला असता तर धाकटीने 'खबरदार सही केलीस तर' म्हटलं असतं, आणि मग अनामत कुठून आणायची, हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

मॅडमनी नवा कागद छापून आणला. अजून गरम होता. मोठीने तो टेबलावर सपाट केला, बेरीज तपासली, वजाबाकी तपासली. त्यात चूक नव्हती. तिने सही केली.

"ऑल द बेस्ट हं, ताई," मॅडम म्हणाल्या, आणि त्या खरंच मनापासून म्हणाल्या.

घरी धाकटी जागीच होती. तिने मोठीचा चेहरा बघितला. मग म्हणाली, "किती?"

"सतरा पाचशे."

"बरं." धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती. ती रडते आहे की नुसता दम लागलाय, हे मोठीला कळेना.

पैसे पाचव्या दिवशी जमा झाले. सहाव्या दिवशी ते दवाखान्याच्या खिडकीत भरले. खिडकीतल्या माणसाने पावती फाडली, उरलेली रक्कम पेन्सिलीने मागे लिहून दिली आणि म्हणाला, "सोमवारपर्यंत आणा." मोठी हो म्हणाली. कुठून, ते तिला ठाऊक नव्हतं.