गाळलेलं हसू

दोघी बहिणींनी पॉडकास्ट सुरू केला तेव्हा कामाची वाटणी कुणी केली नाही, ती आपोआप झाली. ताई बोलायची आणि धाकटी लिहायची. ताईला कुणाचंही तोंड उघडवता येई. भिंतीलाही तिने दोन प्रश्न विचारले तर भिंत आपली हकीकत सांगू लागेल, असं त्यांचे वडील म्हणत. धाकटीने सूक्ष्मजीवशास्त्र शिकून काही वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. बोलण्याची हौस नव्हती, पण एखादी गोष्ट नीट निवडून, धुऊन, पुसून जागच्या जागी ठेवायची म्हटली की तिच्या हाताला वेगळीच चपळाई येई.

घरखर्चाच्या नव्हे, घरच्या विज्ञानाच्या गप्पा असं त्या कार्यक्रमाचं स्वरूप होतं. दूध का उतू जातं, आरशावर वाफ का धरते, असले विषय. प्रत्येक भागाबरोबर वेबसाइटवर एक पोस्ट जायची. वर चार ओळींचा सारांश, मग कोणता विषय कितव्या मिनिटाला आहे त्याची यादी, आणि खाली सगळ्या संभाषणाचं शब्दांकन. ती पोस्ट म्हणजे धाकटीचं राज्य.

"एवढं कोण वाचतंय गं," ताई सुरुवातीला म्हणायची. मग एकदा एका बाईने लिहिलं, की मी तुमचा एकही भाग पूर्ण ऐकलेला नाही; अडलं की शोधते, दोन ओळी वाचते आणि कामाला लागते. ताईने तो निरोप मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "घ्या. माझ्या आवाजावर पाणी सोडलं हिने." पण त्या दिवसापासून तिने पोस्टची थट्टा थांबवली.

या खेपेचे पाहुणे होते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत. विषय होता स्वयंपाकघरातली आग. ते यायला तयार झाले ते एका अटीवर.

"हिला वाचता आलं पाहिजे," ते फोनवर म्हणाले होते. "आमच्या मंडळींना ऐकू येत नाही. हळूहळू गेलं, आता काहीच नाही. मी जन्मभर कुठे कुठे भाषणं ठोकली, ती हिने सुरुवातीला ऐकली, मग ऐकल्यासारखं केलं. हे एक तरी तिला अथपासून इतिपर्यंत मिळू दे. पोस्ट लावायच्या आधी तिला दाखवा. ती हो म्हणाली तर लावा."

ताईने लगेच कबूल केलं. धाकटीनेही मान डोलावली. आजवर तिचं लिखाण ऐकणाऱ्यांच्या दिमतीला होतं. हे मात्र वाचण्यावाचून दुसरा मार्ग नसलेल्या माणसासाठी होतं.

ध्वनिमुद्रण ताईच्या मागच्या खोलीत झालं, जिथे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. साहेब अप्रतिम बोलले. ताई इतकी हसली, की दोनदा तिला माइकपासून तोंड फिरवावं लागलं.

धाकटी नेहमीच्या शिस्तीने कामाला लागली. आधी ताईने भागाची काटछाट पूर्ण केली, सुरुवातीचं संगीत जोडलं. त्यानंतरच धाकटी शब्दांकनाला हात लावी, नाहीतर यादीतली मिनिटं पुढेमागे सरकत. मग तयार फाइल तिने सॉफ्टवेअरला दिली. त्याने जे ओकलं ते नेहमीसारखंच होतं. विरामचिन्हं वाऱ्यावर, ताईची वाक्यं साहेबांच्या नावावर आणि साहेबांची ताईच्या. ती आवाजाचा वेग कमी करून ऐकत बसली. बोलणाऱ्यांची नावं लावली, परिच्छेद पाडले. "म्हणजे", "अं", "काय आहे ना", अर्धवट सोडून पुन्हा धरलेली वाक्यं, ताईचे हुंकार, ताईचं हसणं, सगळं गाळलं. माणूस बोलतो ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं तर तो वेंधळा दिसतो, आणि साहेब मुळीच वेंधळे नव्हते. मग तिने उपशीर्षकं दिली. लोक अडल्यावर जे शब्द टाइप करतील तेच शब्द शीर्षकात हवेत, हा तिचा नियम. म्हणून मुख्य भागाला तिने नाव दिलं, "तेल पेटल्यावर आधी काय करावं?"

ताईने वाचलं. साहेबांनी वाचलं. दोघांनाही पसंत पडलं. "मीच बोलतोय असं वाटतं," साहेब म्हणाले.

मग दोघी बहिणी छापील प्रत घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या पत्नीला त्या काकू म्हणत. काकूंनी वनस्पतींच्या एका संग्रहालयात काम केलेलं होतं. वाळवलेली रोपं कागदावर चिकटवून त्यांना चिठ्ठ्या लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना बरंच कळे, उरलेलं फोनवर लिहून दाखवायचं. त्यांनी चष्मा पुसला आणि खिडकीशी बसून वाचू लागल्या. साहेब उगाच पडदा सारखा करत होते.

मध्येच काकूंनी मान वर केली.

"अहो, तुम्ही पेटत्या तेलावर पाणी ओतायला कधीपासून सांगायला लागलात?"

"मी?" साहेब म्हणाले. "मी कशाला सांगू?"

काकूंनी बोट ठेवलं. तिघं वाकली. छान ठळक शीर्षक, आणि त्याखाली साहेबांच्या नावापुढे पहिलीच ओळ: "तेल पेटलं? मग ओता की बादलीभर पाणी. पाणी म्हणजे पाणी, विझणारच." खाली परिच्छेद तुटला होता. त्यानंतर ते म्हणत होते, "आणि मग आम्हाला फोन करा, आम्ही येतोच घराची राख भरायला." पुढे बऱ्याच ओळींनंतर खरा सल्ला येत होता.

"अगं, ती नक्कल होती," साहेब काकूंकडे तोंड करून म्हणाले. "शेजारपाजारचे सल्ले देतात ना, त्यांची. नाकात बोललो होतो मी."

"नाक कुठे आहे इथे?" काकूंनी कागद उलटा करून पाहिला.

ताई फसकन हसली. धाकटीला हसू आलं नाही. तिची कानशिलं तापली. साहेबांचा तो आवाज तिने इतक्या वेळा ऐकला होता, की ओळ वाचताना तो आपसूक कानात वाजे. ताईचंही तेच, साहेबांचंही तेच. तिघांनी वाचलं असं तिघांना वाटलं, पण खरं म्हणजे तिघांनी आठवलं होतं. वाचलं फक्त काकूंनी. आणि वाईट हे, की धाकटीच्या सफाईनेच घात केला होता. हसणं गाळलं, परिच्छेद पाडला, आणि शीर्षक तर असं चपखल, की घाबरलेला माणूस शोधत येऊन थेट त्या ओळीवर आदळेल. दोन ओळी वाचेल आणि नळाकडे धावेल.

"तेवढी नक्कल कापून टाकू," ताई म्हणाली. "आवाजातूनही काढते."

"नको," धाकटी म्हणाली. "लोक पाणी ओततात ते असंच वाटतं म्हणून. ते बोलणं राहू दे. ते काय आहे हे माझ्या कागदाने सांगायला हवं." मग तिने फोनवर लिहिलं आणि काकूंपुढे धरलं: तुमच्या चिठ्ठ्या कशा असायच्या?

काकूंनी वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"रोप कुठल्या गठ्ठ्यात आहे त्यावर भरवसा ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "गठ्ठे सुटतात, कुणी एक पान उसनं नेतं. म्हणून प्रत्येक पानावर त्या रोपाचं सगळं असायचं. नाव, जागा, कुणी आणलं. पान एकटं सापडलं तरी मुकं राहता कामा नये." त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री काढली. "बघू तुमची पानं बोलतात का."

आणि त्यांनी छापील प्रतीच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली, दोन-दोन ओळींच्या. टेबलभर पट्ट्या पसरल्या. त्या एकेक उचलायच्या, अनोळखी माणसासारख्या वाचायच्या, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायच्या. डावीकडे बऱ्या, उजवीकडे घातक. घाई नाही, शेरा नाही. धाकटी बघत राहिली. प्रयोगशाळेत तिने पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती, पण ठाऊक असलेलं विसरून बघणारी माणसं फार थोडी. काकूंना ते विसरावंही लागत नव्हतं. उजवीकडे फारशा पट्ट्या गेल्या नाहीत. पण ज्या गेल्या त्या तिथेच जायला हव्या होत्या. तव्यावरच्या आगीवर पीठ टाकायचा सल्लाही साहेबांनी असाच नाकात दिला होता.

"आता मला कळलं, घरात माझं काही का चालत नाही," साहेब म्हणाले. "ही माझ्याही पट्ट्या कापून वाचते."

धाकटीने तिथेच लॅपटॉप उघडला. शीर्षक बदललं: "पेटत्या तेलावर पाणी का ओतू नये?" त्याखाली वेगळ्या चौकटीत, संपादकाची टीप असं स्पष्ट लिहून, सल्ला थोडक्यात दिला: गॅस बंद करा, भांडं हलवू नका, घट्ट बसेल असं धातूचं झाकण सरकवून ठेवा, पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका, आग भांड्याबाहेर गेली तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. साहेबांच्या तोंडी न बोललेला शब्द तिने घातला नाही. पण नकलेच्या आधी, त्याच ओळीत, चौकटी कंसात लिहिलं: "सल्ला देणाऱ्या शेजाऱ्याची नक्कल करत, नाकातल्या आवाजात". नंतरचा परिच्छेद जोडून घेतला, म्हणजे पाणी आणि राख एकाच दमात वाचली जावी. पिठाच्या ओळीपुढेही तसाच कंस टाकला. मग ती थांबली. ध्वनिफीत पुन्हा लावली, आणि पाणी व राख या दोन वाक्यांच्या मधोमध, आपण केराच्या टोपलीत टाकलेली गोष्ट परत ठेवली: "ताई मोठ्याने हसते".

पाण्याचं कारण साहेबांनी पुढे सुरेख सांगितलंच होतं. तेलापेक्षा जड म्हणून पाणी तळाशी जातं, तिथल्या उष्णतेने क्षणात वाफ होऊन कितीतरी पटींनी फुगतं, आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. त्या मिनिटाची खूण तिने चौकटीतच दिली.

नवी पानं छापून काकूंच्या हाती दिली. त्यांनी पुन्हा कात्री चालवली. उजवीकडची जागा रिकामी राहिली. मग त्यांनी दुसरी, न कापलेली प्रत मागून घेतली, खिडकीशी जाऊन बसल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या.

ताई चहाच्या कपावरची नसलेली धूळ पुसत होती. साहेब पडद्याशी.

काकूंचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. त्यांचे खांदे हलले. मग त्या हसल्या, चांगल्या मोठ्याने, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळणाऱ्या माणसासारख्या.

"हा आपल्या खालच्या मजल्यावरचा," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या. "तोच ना? बादलीवाला."

साहेब पडदा सोडून वळले. तिला विनोद सांगायचे तर दोनदा सांगावे लागत, फोनवर लिहावे लागत. लिहून होईपर्यंत त्यातला वाफारा निघून जाई. म्हणून त्यांनी ते कधीच सोडून दिले होते.

"तोच," ते म्हणाले, आणि काय करावं ते न सुचून, तिच्याकडे तोंड करून, ती ओळ पुन्हा नाकात म्हणून दाखवली.

"वाचलं मी," काकू म्हणाल्या. "पुढचं वाचू द्या."

धाकटीने पाहिलं. त्या जिथे हसल्या, ती बरोब्बर ताईच्या हसण्याची जागा होती. तिने लॅपटॉप जवळ ओढला, पण पोस्ट लावायचं बटण दाबलं नाही. काकूंचं शेवटचं पान अजून वाचून व्हायचं होतं.