विहिरीत पडलेला चेंडू

मी चामड्याचा एक जुना फुटबॉल आहे, मित्रांनो. अंगावर आता आठ ठिगळं आहेत. ती सगळी एकाच हाताची आहेत, आणि त्या हाताच्या शेवटच्या धडधाकट दिवसाबद्दल मला सांगायचं आहे.

तो हात खालच्या गावातल्या चपला शिवणाऱ्या बाबांचा होता. माझी शिवण उसवली की ते मेण लावलेला दोरा घेत आणि त्याच्या दोन टोकांच्या दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर ओढत. पोटात रबरी फुगा, त्याच्या तोंडाशी झडप. झडपेत पोकळ सुई घालून पंपाने हवा भरायची. ती सुई दोन गावांत मिळून एकच होती. ती असायची बाबांच्या खिशात.

त्या दुपारी खालच्या आणि वरच्या गावात तीन छोटे सामने ठरले होते. दोन जिंकेल तो विजेता. वरच्या गावचा चेंडू येतानाच तारेच्या कुंपणावर फाटला. उरलो मी एकटा. सरावासाठी दहा मिनिटं यांनी मला लाथाडलं, दहा मिनिटं त्यांनी. खेळ सुरू होण्याआधीच मी दमलो होतो.

पंच होती बाबांची मुलगी. ती शिक्षिका होती आणि दोन्ही गावांची मुलं तिच्याच शाळेत शिकत, म्हणून तिच्या नावाला कुणी हरकत घेतली नव्हती. खरं भांडण माझ्या पोटातल्या हवेचं होतं. वरचं गाव लांब फटके मारणारं, त्यांना मी टणक हवा होतो. खालचं गाव पायातल्या पायात खेळणारं, त्यांना मऊ. तिने तोडगा काढला. प्रत्येक सामन्याआधी मला खांद्याच्या उंचीवरून सोडायचं. उसळी कमरेपर्यंत आली की बरोबर.

पहिल्या सामन्याआधी मी उन्हात तापलेलो होतो. उसळी नेमकी कमरेला आली. वरचं गाव जिंकलं. जिंकल्याच्या आनंदात त्यांच्यातल्या एकाने मला असं उडवलं, की मी थेट मैदानाच्या कडेच्या विहिरीत. पोहऱ्याने बाहेर काढेपर्यंत मी त्या गार पाण्यात चांगला गारठलो. बाबांनी मला पुसून तिच्या हाती दिलं. तिने खांद्यावरून सोडलं. मी कसाबसा मांडीपर्यंत उसळलो.

वरच्या गावचा कप्तान, धंद्याने सुतार, तावातावाने पुढे आला. "हवा काढली! मऊ चेंडू कुणाला लागतो? पंच मुलगी, सुई बापाकडे. मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलोय?"

बाबा म्हणाले, "अगं, गारठलाय तो. गार झाला की आतली हवा आकसते. घटकाभर उन्हात ठेव, आपोआप ताठ होईल."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हात पुढे केला. "बाबा, सुई द्या. आणि तुम्ही मैदानाबाहेर बसा."

त्यांनी सुई दिली. तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पिशवी उचलून लांब बांधावर जाऊन बसले.

तिने मला पंपाने भरलं. दुसरा सामना खालच्या गावाने जिंकला. मग विश्रांती झाली, तेवढा वेळ मी तापलेल्या कातळावर पडून राहिलो. तिसऱ्या सामन्याआधी तिने मला पुन्हा सोडलं, आणि मी तिच्या बरगड्यांपर्यंत उसळलो. मधे मला कुणी हात लावला नव्हता. सुई तर तिच्याच मुठीत होती.

तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला, मित्रांनो. तिला कळलं होतं. तिने बांधाकडे एकदा पाहिलं. मग पाठ फिरवून गुपचूप माझी जास्तीची हवा सोडली आणि शिट्टी फुंकली. शेवटचा सामना वरच्या गावाने मारला. जिंकल्यावर कोण कशाला तक्रार करतो? सगळे पांगले. घरी जाताना ती पुढे होती, बाबा मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच बाबा गेले.

नंतर वर्षभर मी माळ्यावर होतो. चामडं तडकलं, दोरा सैल झाला. मला कुणी तेल लावलं नाही, आणि त्याचा मला रागही आला नाही. त्या घरात तेव्हा कुणाला कशाचंच बळ नव्हतं. तुमच्याकडे चेंडू असेल तर ओला झाल्यावर त्याला सावलीत वाळवा, तेलाचं बोट लावा, एवढंच सांगतो. याहून जास्त सांगायचा माझा अधिकार नाही.

यंदा पुन्हा सामने ठरले. दोन्ही गावांनी नवे चेंडू आणले होते. तरी ती मला काखेत घेऊन मैदानाच्या मधोमध उभी राहिली. शिट्टी वाजवली नाही. सुताराने विचारलं, "बाई, सुरू करायचं ना?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "मागच्या वर्षी हवा कुणी काढली नव्हती. चेंडू गारठला होता. बाबा खरं बोलत होते. मला ते त्याच दुपारी कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

ती बांधाकडे वळली. बांधावर कुणी नव्हतं.

"चुकले मी, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.