पहिल्या दिवसाची संहिता

ब्रॉनविन टेटला नोकरीच्या पहिल्याच दिवशी काम मिळालं ते असं: नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय सांगायचं, याच्या व्हिडिओची संहिता लिही.

"तू कोरी आहेस ना, तुलाच जमेल," असं म्हणून मनुष्यबळ विभागाची प्रमुख ग्लेनिस मीटिंगला निघून गेली. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या त्या पंपाच्या कारखान्यात ब्रॉनविनला कुणी काहीच सांगितलं नाही, कारण सांगायचं काय ते तीच लिहिणार होती.

सहा महिन्यांच्या चाचणीकाळावर घेतलेली. ती संपली की पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे या व्हिडिओवर ठरणार होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्थानिक रेडिओ बंद पडल्यानंतर मिळालेली ही नोकरी तिला हवी होती.

तिने आठ आठवडे कारखाना पालथा घातला आणि संहिता लिहिली. पानाच्या डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. चार मिनिटं, मिनिटाला एकशे तीस शब्द. त्यात साधनांबद्दल असं होतं: 'आज तुमचं लॉगिन चालणार नाही. तक्रारीचं तिकीट टाकू नका, कारण तिकीट टाकायलाही लॉगिन लागतं. दुसऱ्या मजल्यावर डुगलकडे जा. कॉफी न्या.' माणसांबद्दल असं: 'सुटा भाग हवा असेल तर व्हॅलला विचारा. साहेबालाही शेवटी तीच सांगते.' आणि पहिल्या आठवड्याबद्दल असं: 'सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करा. जाणत्या माणसाबरोबर एक पंप उघडून बघा. न कळलेलं रोज विचारा. याहून जास्त अपेक्षा नाही.'

मग मंजुरी सुरू झाली.

"मी काय लाच खाणारा वाटलो होय तुला?" संगणक विभागातला डुगल म्हणाला. त्याने वाक्य बदललं: 'आमची प्रणाली आपलं सुलभ स्वागत करते.'

"साहेबालाही व्हॅलच सांगते, हे खरंय," उत्पादनप्रमुख कर्ट म्हणाला, "पण खरं आहे म्हणून लिहायचं का? आणि 'अपेक्षा नाही' काय, बाई? ऐकतील ना लोक! लिही, पहिल्या दिवसापासून योगदान."

जाहिरातवाल्यांनी कंपनीची पाच मूल्यं घातली, वकिलाने 'करा'च्या जागी 'करू शकता' केलं. ग्लेनिसला नदीवरून उडणारा कॅमेरा हवा होता. सात सह्या झाल्या तेव्हा संहितेत ब्रॉनविनचं एकच वाक्य उरलं होतं: 'नमस्कार.'

सहावा महिना संपायला चार दिवस होते. चित्रीकरणाआधी एका खऱ्या नव्या माणसाला वाचून दाखवून बघू, एवढंच तिने मागितलं. पद्धतच असते तशी, म्हणून ग्लेनिसला नाही म्हणता आलं नाही.

सोमवारी सेफो लेआउपेपे नावाचा पंपदुरुस्तीचा कारागीर रुजू झाला. ब्रॉनविनने त्याला मंजूर संहिता वाचून दाखवली. बाजूला ग्लेनिस वही घेऊन बसलेली.

"बरं सेफो, लॉगिन चाललं नाही तर काय करशील?"

"सुलभ स्वागत होईल म्हणालात ना?"

"कोणाला विचारशील?"

"मूल्यांना?" सेफोने अंदाज घेतला.

"शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून काय हवंय?"

"योगदान." तो जरा पुढे झुकला. "ताई, म्हणजे काय हो?"

मग तिने पहिला मसुदा वाचला. सेफोने सगळी उत्तरं बिनचूक दिली आणि उठला. "कॉफी दुधाची की काळी? डुगलला काय चालतं?"

"दुधाची, दोन साखर," ग्लेनिस पटकन बोलून गेली.

तो गेल्यावर ग्लेनिसने वही मिटली.

"मंजूर झालेलाच करू," ती म्हणाली. "सात सह्या आहेत, बाई. त्या परत गोळा करायच्या म्हणजे पुढचा उन्हाळा उजाडेल."

"आणि माझं?"

"तुझं काय? हा व्हिडिओ बघून माणूस कामाला लागणार नाही, हे आत्ताच पाहिलं आपण. त्यानंतर कोणीतरी समजावायला नको? तू पक्की."

म्हणजे व्हिडिओ चांगला झाला असता तर मी बाहेर, हे ब्रॉनविनच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आल्यावर तिने पक्क्या नोकरीच्या कागदावर पटकन सही केली.

शेवटच्या चौकटीत एक ओळ वाढवण्याची परवानगी तिला मिळाली: 'आता ब्रॉनविनला भेटा.' वकिलाने समासात आक्षेप लिहिला: व्हिडिओत नाव नको, माणूस सोडून गेला तर पुन्हा चित्रीकरणाचा खर्च.

त्याखाली ग्लेनिसने लिहिलं: 'ही कुठं जाते!'