गुळमुळीत पत्र

काटेमास्तर हसतमुखाने एचआरच्या दारात उभे राहिले, तेव्हाच तिथल्या अधिकारी बाई चपापल्या. ज्या माणसाला आपण कालच नोकरी संपणार असल्याचं पत्र दिलं, तो दुसऱ्या दिवशी असा हसत कसा येईल?

"मॅडम, रजेचा अर्ज होता. उद्या आणि परवा."

"हो, द्या ना. काही विशेष?"

"आईला आणायला चाललोय. संध्याकाळच्या बसने निघतो. दोन वर्षं मागे लागलोय तिच्या, पण तिचं आपलं एकच, तुझं तिथलं पक्कं होऊ दे, मग बघू. काल रात्री तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. तेव्हा कुठे तयार झाली."

बाई काही बोलणार तोच टेबलावरचा फोन वाजला. पगार विभागातून कुणीतरी हजेरीचं विचारत होतं. बाईंनी रिसीव्हर उचलेपर्यंत मास्तर अर्ज ठेवून, मान हलवून निघूनही गेले.

ही कंपनी वजनकाट्यांची. औषध कंपन्यांना लागणाऱ्या नाजूक तराजूंपासून गोदामातल्या मोठ्या काट्यांपर्यंत सगळं इथे बनायचं. दोन वर्षांपूर्वी तपासणीची पद्धत बदलायची ठरली, जुने वजनसंच, म्हणजे काटे तपासायची प्रमाणित वजनं, नव्या यंत्रावर पुन्हा तपासून घ्यायचे होते. तेवढ्याच कामासाठी दोन वर्षांच्या करारावर मास्तरांना घेतलं होतं. माणूस पन्नाशीला टेकलेला, एकटा, बोलायला मोकळा आणि कामात कमालीचा काटेकोर. कॅन्टीनमधल्या घड्याळाची दोन मिनिटांची चूकसुद्धा त्यांना खपत नसे. काटेमास्तर हे नाव त्यांना पहिल्याच महिन्यात चिकटलं. आता संच तपासून संपले होते. पद बंद होणार होतं. यात कुणाचा दोष नव्हता.

पण पत्र लिहायचं काम बाईंचं होतं आणि बाईंचा हात अशा पत्रांत नेहमीच मऊ पडायचा. कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. एरवी त्या माणसाला समोर बसवून बोलत आणि मग पत्र देत. काल मात्र वरच्या मजल्यावर साहेबांनी बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना निमित्तच हवं होतं. मास्तर जिन्यात भेटले. तिथेच पाकीट दिलं, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घेतली आणि त्या भराभर पायऱ्या चढून गेल्या.

बाईंनी फाइल काढून ती प्रत उघडली. समोरच्या टेबलावर त्यांची मदतनीस मुलगी बसायची. विभागातली सगळी पत्रं तिच्याच हातून फाइलला लागत.

"हे वाच जरा," बाई म्हणाल्या. "आणि काय कळलं ते सांग."

मुलगी वाचू लागली. दोन वर्षांच्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार. कामातल्या चिकाटीचं कौतुक. 'आपला करार एकतीस तारखेस आपली मुदत पूर्ण करीत असून, या टप्प्यावर आपले मनःपूर्वक अभिनंदन.' शेवटी, 'पुढील वाटचालीतही आपला स्नेह असाच राहील अशी खात्री वाटते.'

"छान आहे," ती म्हणाली. "मास्तरांना कायम केलं का?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. होणार नाही, संपेल, थांबेल, यातला एकही शब्द त्या अख्ख्या पत्रात नव्हता. मुदत पूर्ण करीत आहे म्हणे! आणि अभिनंदन कशाचं? त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवून दिला.

करार त्यांना पाठ होता, तरी पुन्हा काढून वाचला. मुदत वाढवायची नसेल तर किमान तीस दिवस आधी लेखी कळवायचं, असं कलम होतं. मुदत पुढच्या महिन्याच्या एकतीसला संपत होती, म्हणजे कळवायला शेवटचा दिवस एक तारीख. आज होती तीस. मास्तर आज संध्याकाळी निघणार, ते थेट तीन तारखेला उगवणार.

त्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे फॅक्टरी मॅनेजर, एका हाताने सह्या करत दुसऱ्या हाताने फोन धरणारा माणूस.

"पोच घेतलीय ना?" ते म्हणाले. "मग झालं तर. तारीख आहे, सही आहे."

"सही आहे, पण कशावर? पत्रात नूतनीकरण नाही असं लिहिलेलंच नाही. ते समजतायत नोकरी पक्की झाली. आईला घेऊन यायला निघालेत."

"मग परत आले की सांगा समजावून. तीनचार दिवसांनी काय बिघडतंय?"

"आईची तिकडची भाड्याची खोली सोडून येतील ते. आणि तीन तारखेला सांगितलं तर आपल्याच कलमात आपण उशिरा."

साहेबांनी फोन खाली ठेवला. "वकीलबाईंना विचारलंत?"

बाईंनी तिथूनच कंपनीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी पत्र ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "हे पत्र आहे की शुभेच्छापत्र? आजच नवं द्या. कालचं रद्द समजावं असं स्पष्ट लिहा. पोच घ्या. आणि हे बघा, आधी तोंडी सांगा, मग कागद द्या."

नवं पत्र लिहायला बाईंना दहा मिनिटं पुरली. कालच्याला दोन दिवस लागले होते.

'आपला करार येत्या एकतीस तारखेस संपत आहे आणि त्याचे नूतनीकरण होणार नाही. ती तारीख आपल्या नोकरीचा शेवटचा दिवस असेल. ज्या कामासाठी हे पद होते ते पूर्ण झाल्यामुळे पद बंद होत आहे. आपल्या कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही. आमच्या कालच्या पत्रातून वेगळा अर्थ निघाला असल्यास ती चूक आमची आहे, आणि ते पत्र रद्द समजावे.' त्याखाली शिल्लक रजेचे पैसे, अनुभवाचा दाखला आणि मुलाखतीसाठी कामाच्या वेळात सवलत, एवढं लिहिलं. शेवटी आभाराचं एक वाक्य ठेवलं. तेही खोडावंसं वाटत होतं, पण ते खरं होतं म्हणून राहू दिलं. साहेबांची सही घेऊन त्या तडक खाली उतरल्या.

तपासणीची खोली तळमजल्यावर, काचेच्या दारामागे. दारावर लाल दिवा लागलेला होता. आत वजन चालू असताना दार उघडायचं नाही, कारण वाऱ्याच्या झुळकीने, माणसाच्या श्वासानेसुद्धा तराजू हलतो. मास्तर पाठमोरे बसले होते. चिमट्याने एक बारीकसं वजन उचलून तराजूवर ठेवत, आकडा स्थिर व्हायची वाट बघत, वहीत लिहीत आणि पुन्हा तेच.

बाई बाहेर उभ्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाकिटाचा कोपरा घामाने मऊ पडला. आत शिरून एकदाचं सांगून टाकावं असं वाटे आणि त्याच वेळी हा दिवा कधी विझूच नये असंही वाटे. एक विचार तर असाही आला, की गप्प बसलं तर बिचाऱ्याला आणखी एखादा महिना मिळेलही. पण मग ती म्हातारी तिकडची खोली सोडून, बोचकी बांधून इथे येईल, आणि दारातच तिला कळेल. बाईंनी तो विचार झटकला.

दिवा विझला. मास्तर बाहेर आले, हातमोजे काढत. "अरे मॅडम! रजेचं काही राहिलं का?"

"मास्तर, पाच मिनिटं बसूया. वाईट बातमी आहे."

बाजूच्या रिकाम्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. बाईंनी दार लावून घेतलं आणि बसता बसताच सांगितलं, "तुमचा करार वाढवला जाणार नाहीये. एकतीस तारीख शेवटची. कालच्या पत्रात मी हे सरळ लिहायला हवं होतं. लिहिलं नाही."

मास्तरांनी हातमोजे मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाले, "पण अभिनंदन लिहिलं होतं."

"हो."

"आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं, मॅडम. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने. शेजारच्यांनी ऐकलं."

बाईंना वाटलं होतं, हा माणूस समजूतदार आहे, मान हलवेल, असू दे म्हणेल. पण मास्तरांचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला माझ्यासमोर बसून सांगता येत नव्हतं? जिन्यात पाकीट दिलंत आणि पळालात. मी म्हटलं, गडबडीत आहेत. माझ्या यादीत एक आकडा चुकला तर अख्खा संच परत येतो. तुम्ही अख्खं पत्र चुकवलंत!"

"चुकलं माझं."

"माझ्या कामात काही कमी होतं का?"

"नाही. काम संपलं म्हणून पद संपलं. दुसऱ्या विभागात जागा आहे का तेही बघितलं. सध्या नाही. उगाच आशा लावत नाही तुम्हाला."

हे ऐकून ते उठले, दोन फेऱ्या मारल्या, परत बसले. मग पत्र मागून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. शिल्लक रजा किती दिवस धरली, दाखल्यावर नव्या यंत्राचा उल्लेख असेल का, मुलाखतीला जायचं तर कुणाची परवानगी, असं एकेक विचारलं. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. एक माहीत नव्हतं, तिथे माहीत नाही म्हणाल्या. मास्तरांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पुढे वेळही लिहिली, तीन वाजून वीस.

मग त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. बाई उठू लागल्या, तर त्यांनी हातानेच थांबा म्हटलं.

"आई, कालचं पत्र चुकीचं होतं. नोकरी महिन्याने संपतेय. नाही, नाही, संपतेय! हो. तू खोलीचं कुणाला सांगितलंस का?"

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "घरमालकाला सकाळीच सांगून आली. आता शब्द फिरवायला लावू नकोस म्हणते. आणि म्हणते, नोकरी नसेल तर तू घरी असशील, मग मला एकटीला तरी बसावं लागणार नाही."

"मग?"

"मग काय, आणतो तिला. संध्याकाळची बस आहे." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "राग गेलेला नाही हं माझा."

"जाऊ नये," बाई म्हणाल्या.

पुढचा महिना कसातरी गेला. मास्तर दोनदा मुलाखतीला गेले. एका ठिकाणी वय जास्त म्हणून नाकारलं, दुसरीकडे कळवतो म्हणाले. एकतीस तारखेला ते सगळ्या विभागांच्या सह्यांचा कागद घेऊन आले. स्टोअर, ग्रंथालय, कॅन्टीन सगळं झालं होतं, एचआरचीच सही राहिली होती. आई कशी आहे विचारल्यावर म्हणाले, "सगळ्या इमारतीशी ओळख करून घेतलीय. मला कुणी ओळखत नव्हतं दोन वर्षं. आता तिचा मुलगा म्हणून ओळखतात." दाखला त्यांनी तिथेच उभ्याने वाचला, एका तारखेतली चूक दाखवली आणि ती दुरुस्त होईपर्यंत हलले नाहीत. जाताना हात जोडले, पण हसले नाहीत.

ते गेल्यावर मदतनीस मुलीने पुढच्या तिमाहीची यादी टेबलावर ठेवली. मुदत संपणारे चार जण. "यांची पत्रं टाइप करायला घेऊ का, बाई?"

"आधी नको," बाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्या नावाचा अंतर्गत नंबर फिरवला. घंटा वाजत होती. रिसीव्हर खाली ठेवावासा वाटला, पण त्यांनी ठेवला नाही. पलीकडून हॅलो आलं.

"मी एचआरमधून बोलतेय. तुमच्या कराराबद्दल बोलायचंय. तुम्ही येता, की मीच खाली येऊ?"