बाबांच्या ट्रकचा नंबर

ग्रीसमधल्या मितिलिनीच्या बंदरामागच्या गल्लीत स्ट्रातोसचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. एवढंसं. उभं राहायला दोन माणसं, बसायला एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत सकाळपासून बार्बा प्रोकोपिस, सगळ्या गल्लीचा म्हातारा काका, ठाण मांडून बसलेला. ऑगस्टचा उकाडा नुसता जीव घेत होता.

"हा फोन मला चोर समजतो," म्हातारा तणतणत होता. "बायकोचं नाव आणि लग्नाचं साल. बायको तीच, साल तेच, मग पासवर्ड चुकीचा कसा? सांग की!"

स्ट्रातोसने फोन हातात घेतला. पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके होते. शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर बोट दाबल्यावर ठिपक्यांची अक्षरं झाली: कातिना, १९६६. सगळी मोठी अक्षरं, एकही चूक नाही. त्याने खाली कीबोर्डवर नजर टाकली. स्पेसच्या पट्टीवर 'इंग्लिश' लिहिलेलं होतं.

"नातू येऊन गेला का मेलबर्नहून?"

"गेला. जाता जाता या फोनला बोटं लावून गेला."

"मग झालं तर. बार्बा, आपल्या काप्पाचा आणि त्यांच्या के-चा आकार एकच. तुम्हाला, मला फरक दिसायचा नाही. पण यंत्र आकार बघत नाही. प्रत्येक अक्षराला आतून एक क्रमांक असतो, आपल्या अक्षराचा वेगळा, त्यांच्याचा वेगळा. पासवर्ड ठेवला आपल्या अक्षरांत, आणि आता टाकताय त्यांच्या अक्षरांत."

त्याने पृथ्वीच्या गोळ्याची खूण असलेलं बटण दाबलं, पट्टीवर 'ग्रीक' उमटलं, तेच नाव पुन्हा लिहिलं, आणि फोन उघडला. मिनिटही लागलं नाही.

"म्हणजे माझी कातिना तीच, नुसते कपडे बदललेले," म्हातारा खूश होऊन म्हणाला.

"उलटं, बार्बा. कपडे तेच, आतली बाई दुसरी."

म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला. "थांब, तुला थंड कॉफी पाजतो," म्हणाला आणि टोपी खुर्चीवरच ठेवून कोपऱ्यावरच्या कॅफेकडे रमतगमत निघाला. त्याचं रमतगमत म्हणजे पाव तासाची निश्चिंती.

तो वळणाआड जातोय तोच आरेती दारात उभी. स्ट्रातोसची थोरली बहीण. चौदा महिन्यांत तिने या दुकानाची पायरी चढली नव्हती.

"माझा पासवर्ड का बदललास?"

ना नमस्कार, ना चमत्कार. स्ट्रातोसने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"कुठला पासवर्ड?"

"साळसूदपणा नको. शिक्षकांच्या अर्जाचं खातं. याच टेबलावर, तुझ्याच हातांनी उघडलं होतंस ना दोन वर्षांपूर्वी? मी नंबर सांगितला, तू टाकलास. तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे तो?"

तो ट्रकचा नंबर त्याला माहीत नसेल कसा? दोघं त्याच ट्रकच्या मागे ऑलिव्हच्या पोत्यांवर बसून लहानाची मोठी झाली होती. बाबांचा निळा ट्रक. एम, वाय, बी आणि पुढे २७६४.

"दोन वाजता बंद होतंय," ती म्हणाली. आवाज चढा होता. "पसंतीची गावं आज दोनपर्यंत भरायची. चार वर्षं मी कुठल्या कुठल्या बेटांवर वह्या तपासत बसले. पोर सासूपाशी. पाच वर्षांची झाली ती, मला 'ताई' म्हणत नाही हेच नशीब. यंदा माझे गुण पुरतायत. मितिलिनीतच जागा आहे. अर्ज गेला तर मी घरी, नाही गेला तर वर्षभर कुठेच नाही. आणि तू पासवर्ड बदलून बसलायस!"

घड्याळात सव्वा वाजला होता.

"मी काही बदललेलं नाही."

"मग हे काय आहे?" तिने फोन टेबलावर आपटला. "घरी तीनदा टाकला. तीनदा नाही म्हणाला. दोनच प्रयत्न उरलेत. विसरले म्हणून कळवलं तर नवीन आकडा जुन्या फोनच्या नंबरवर जातो, आणि तो नंबर मी मार्चमध्ये बंद केला. कचेरीत सकाळपासून फोन लावतेय, कुत्रं उचलत नाही."

स्ट्रातोसने फोनकडे पाहिलं. वर नावाच्या जागी तिचा करदात्याचा क्रमांक, नुसते आकडे. खाली पासवर्डची रिकामी चौकट. त्याच्याही खाली कीबोर्ड, आणि स्पेसच्या पट्टीवर 'ग्रीक'.

कळलंच त्याला. तिथल्या तिथे कळलं. खातं उघडलं तेव्हा तिच्या जुन्या फोनवर लॅटिन, म्हणजे इंग्लिशची, अक्षरं लावलेली होती, आणि त्याने त्याच अक्षरांत ट्रकचा नंबर टाकला होता. जुना फोन तो आपणहून लक्षात ठेवायचा, म्हणून दोन वर्षं तिला काही टाकावंच लागलं नाही. वसंतात तिने नवा फोन घेतला. आणि ही पडली भाषेची शिक्षिका! फ्रँकांच्या, म्हणजे त्याच लॅटिन अक्षरांत ग्रीक लिहिणाऱ्यांना ती वर्गात उभं करायची. नव्या फोनवर तिने लॅटिन कीबोर्ड ठेवलाच नव्हता. एमच्या जागी ग्रीक म्यू, वायच्या जागी इप्सिलॉन, बीच्या जागी वीटा. दिसायला तंतोतंत ट्रकचा नंबर.

सांगायला किती वेळ लागला असता? म्हाताऱ्याला सांगायला लागला तेवढाच.

पण त्याला चाळिसाव्याचं जेवण आठवलं. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते, चर्चमधून सगळे घरी आले होते, आणि या बाईसाहेब सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या होत्या, "याला घाई एवढी, की बाप श्वास घेत असतानाच याने ट्रक विकला." ट्रक विकायला बाबांनीच सांगितलं होतं. आठ महिने बाबांना उचलून न्हाणीत नेणारा तो, आणि बोलणारी ती, जी सुट्टीपुरती यायची. त्या दिवसापासून काक्या-आत्या त्याच्याशी बोलताना जमिनीकडे बघायच्या.

"माझ्यासमोर टाक," तो म्हणाला.

तिने एकेक बटण दाबत नंबर टाकला. मग स्वतःच डोळ्याची खूण दाबली. ठिपक्यांची अक्षरं झाली.

"बघ. वाच. आहे काही चूक?"

"नाही."

"एकही?"

"दिसत तरी नाही."

तिने पुढे जाण्याचं बटण दाबलं. लाल ओळ उमटली: पासवर्ड चुकीचा आहे. उरलेला प्रयत्न, एक.

इथे त्याने बोलायला हवं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. जीभ टाळूला चिकटली असती तर ती निदान सबब तरी झाली असती, पण जीभ चांगली मोकळी होती आणि तिला दुसरंच काही बोलायचं होतं.

"चाळिसाव्याला काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

आरेती बघतच राहिली. "आत्ता? आत्ता तुला ते सुचतंय?"

"आत्ताच. म्हण, की ट्रक बाबांनी विकायला लावला. म्हण, की तू खोटं बोललीस. मग बघू तुझ्या पासवर्डचं."

"अस्सं!" ती टाळी वाजवून हसली. वाईट हसली. "म्हणजे बदललायस. म्हणून एवढा निवांत बसलायस. माझी पोर ओलीस धरलीस तू, मेल्या!"

"बदललेला नाही म्हटलं ना!"

"मग काय बघणार होतास? सांग! बदलला नसशील तर तुझ्या हातात आहेच काय?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते देण्याची लाज वाटू लागली होती. "माफी माग," एवढंच तो पुन्हा म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना.

"तुझी? बाप खाटेवर असताना त्याचा ट्रक विकणाऱ्याची? अर्ज गेला खड्ड्यात, पण तुझ्यापुढे मान वाकवायची नाही मी."

ती पुन्हा नंबर टाकू लागली, जोरात, फोनच फोडायचा असल्यासारखी. म्यू. इप्सिलॉन. वीटा. दोन, सात. आता मात्र खेळ पुरे झाला. स्ट्रातोस टेबलावरून पुढे झुकला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"थांब, आरेती! दाबू नकोस, थांब!"

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. एवढा घाबरलाय म्हणजे हाच नंबर खरा आहे, आणि हा मला अडवतोय, एवढंच तिला त्यात दिसलं. दुसरं काय दिसणार होतं? तिने मनगट हिसडून सोडवलं, राहिलेले दोन आकडे टाकले आणि बटण दाबलं.

लाल ओळ आली. यावेळी लांब होती. खातं बंद करण्यात आलं आहे. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

एक वाजून एकतीस मिनिटं झाली होती. पंखा तेवढा फिरत होता.

तेवढ्यात बार्बा प्रोकोपिस आला, दोन्ही हातांत कॉफीचे ग्लास सांभाळत. आरेतीला बघून त्याचा चेहरा फुलला.

"अगं, मास्तरीणबाई! किती दिवसांनी! आणि फोन पुढ्यात घेऊन असं सुतकी तोंड? तुझाही पासवर्ड घेत नाही की काय?"

आरेतीने मान डोलावली.

"मग घाबरतेस कशाला? पट्टीवर बघ, ग्रीक आहे की इंग्लिश. सगळी मोठी अक्षरं आहेत ना? दिसायला सारखी, आतून दुसरी. माझंही तेच झालं होतं. ते गोळ्याचं बटण दाबायचं. या तुझ्या भावाने मघाशी एका मिनिटात..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. ग्लास टेबलावर ठेवून त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग स्ट्रातोसकडे.

आरेतीने फोन उचलला. पट्टीवरचा 'ग्रीक' हा शब्द तिने शाळेतल्या पोरांसारखा बोट ठेवून वाचला.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा झाला होता.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"विचारतेय मी. कधी?"

"फोन टेबलावर ठेवलास तेव्हा."

"दोन प्रयत्न होते तेव्हा."

"हो."

"म्हणजे पासवर्ड तू बदलला नव्हतास."

"नाही. शप्पथ, आरेती."

"आणि ट्रक खरंच बाबांनी विकायला लावला होता."

"हो गं. हेच तर मी चौदा महिने..."

"हे कीबोर्डचं आधी सांगितलं असतंस ना, आत्ता या दोन मिनिटांत," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "तर मी ट्रकचंही मानलं असतं. गावभर फिरून सांगितलं असतं, की माझा भाऊ खरा, मी खोटी. आता तू देवाच्या पुढ्यात उभं राहून सांगितलंस तरी मी नाही मानणार. जो आज हे करू शकतो त्याने तेव्हाही केलं असेल."

ती पायरी उतरून गेली. रस्त्यात तिने पोरीच्या आजीला फोन लावला असावा, कारण वळणावर ती उभी राहिली, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बार्बा," स्ट्रातोस म्हणाला, "मी सांगणार होतो. शेवटी सांगणारच होतो. हात धरला होता मी तिचा."

म्हाताऱ्याने खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग टेबलावर ठेवलेले दोन्ही ग्लास पुन्हा हातांत घेतले आणि तो बाहेर निघून गेला.